पूर्वेकडनं सुरुवात

घरच्या कार्यक्रमात टोस्ट करायचा असेल तर सगळ्यात अवघड भाग माझ्या मते सुरुवातीचा. म्हणजे ती पहिली दीड-दोन मिनिटं, ज्यात लांबून लांबून आलेल्या माणसांना 'आलात, बरं वाटलं' म्हणायचं असतं. पुढचं जमतं, कारण पुढे ज्याचा कार्यक्रम आहे त्याच्याबद्दल बोलायचं असतं आणि त्याच्या आठवणी सगळ्यांकडेच असतात. पण सुरुवातीला समोर दीडशे माणसं, कुणी रात्रभर बसमध्ये अवघडून आलेलं, कुणी पहाटे स्टेशनवर उतरलेलं, कुणाची पोरं अजून पेंगतायत, आणि प्रत्येकाच्या मनात एकच असतं की आपण आलोय हे कुणाच्या लक्षात आलंय का. त्याचं उत्तर त्या दोन मिनिटांत द्यायचं असतं, आणि ते मिळालं नाही तर पुढचं कितीही छान बोला, माणसं ऐकत असतात पण आत घेत नाहीत.

डिसेंबरात सोलापूरला आजीचं सहस्रचंद्रदर्शन केलं. वर्षाला बारा पौर्णिमा, वर अधिक महिन्यांच्या, असं करत हजार पौर्णिमा भरतात त्या साधारण एक्क्याऐंशीव्या वर्षात, म्हणून तेव्हा हा सोहळा करतात. होटगी रोडला कार्यालय घेतलं होतं, सकाळी होम, मग दिव्यांनी औक्षण, मग जेवण. चुलत-मामे भावंडांनी ठरवलं की औक्षण झालं की जेवणाआधी सगळ्यांनी हातात मठ्ठ्याचा ग्लास घ्यायचा आणि आजीसाठी टोस्ट करायचा, आणि सुरुवात मी करायची. थोरल्या काकांना आधी हे काय नवीन असं वाटलं, पण मठ्ठा आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग करा की, त्यात काय." तर ही सुरुवात कशी बांधली ते सविस्तर लिहिते, कारण असे कार्यक्रम आता सगळ्यांच्याच घरात होतात आणि माइक कुणाच्या ना कुणाच्या हातात येतोच.

पहिला प्रश्न नावांचा. आपल्याकडे सवय अशी की सुरुवातीला नावं वाचायची, अमुक काका, तमुक मामा, यांचे व्याही, त्यांचे साडू. हे मी एका लग्नात बघितलंय, बोलणाऱ्यानं चांगली पानभर यादी आणली होती आणि सगळी वाचली, पण नवरीच्या धाकट्या मावशीचं नाव राहिलं. ती बाई पहाटेपासून रुखवताजवळ राबत होती. ती काही बोलली नाही, पण यादी संपली तेव्हा तिच्या दोन्ही मुलींनी एकदम आईकडे बघितलं, आणि त्या बघण्यावरनं आख्ख्या ओळीला कळलं. यादी जेवढी लांब तेवढं राहिलेलं नाव जास्त दिसतं. दहाच नावं घेतली असती तर उरलेले सगळे एकत्र राहिले असते, साठ घेतली की एकसष्ठावा एकटा पडतो. म्हणून मी ठरवलं की नावं घ्यायचीच नाहीत, आजी सोडून. गावं घ्यायची, आणि नुसती गावं पण नाही, तर गावाहून सोलापूरला यायचा रस्ता घ्यायचा.

रस्ता का, तर रस्त्यावर सगळे असतात. 'पुण्याचे काका' म्हटलं की काकू राहते, सून राहते, आणि काका ऐनवेळी आले नाहीत तर वाक्यच पडतं. 'पुण्याकडनं आलेले' म्हटलं की जे आलेत ते सगळे त्यात बसतात आणि कुणी नाही आलं तरी वाक्य खोटं ठरत नाही. शिवाय प्रवास ही त्या सकाळी सगळ्यांची ताजी गोष्ट असते, अंग दुखत असतं, डोळ्यावर झोप असते, त्यामुळे रस्त्याचं नाव घेतलं की माणूस लगेच जागा होतो.

मग मी दोन दिवस आधी फोन केले. कोण येणार ते काकूच्या वहीत होतंच, ते विचारायचं नव्हतं. कसं येणार, कधी निघणार, वाटेत कुठे थांबणार, एवढंच विचारलं. मुंबईचे सगळे सिद्धेश्वरनं येणार होते, रात्री निघून सकाळी सोलापूर. भिवंडीचा भाऊ त्याच गाडीला कल्याणला चढणार. पुण्याचे अर्धे आदल्या संध्याकाळी हुतात्मानं, अर्धे त्याच दिवशी भल्या पहाटे गाडी काढून. नागपूरची आत्या ट्रॅव्हल्सनं रात्रभर, यवतमाळ, नांदेड, लातूर करत, आणि वाटेत तुळजापूरला उतरून देवीचं दर्शन घेऊन मगच घरी, हे तिचं ठरलेलं. हैदराबादचे मामा गाडीनं जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. विजापूरची मावशी तर जवळचीच, टाकळीला भीमा ओलांडली की आपलाच जिल्हा. आणि बंगळुरूहून एकटा एक मावसभाऊ, उद्यान एक्सप्रेसनं.

या फोनचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. लोक स्वतःहून बारीकसारीक सांगतात. मामी म्हणाली आजीला चहात बुडवून खायला उस्मानिया बिस्किटं घेतेय. आत्या म्हणाली तुळजापूरला उतरले की माहेरचा वारा लागतो बघ. अशी एक खरी गोष्ट प्रत्येक रस्त्याला मिळाली की पुरे, दुसरी घ्यायची नाही, कारण एका गावाला दोन वाक्यं आणि दुसऱ्याला एक असं झालं की एक वाक्यवाले मोजतात. आणि घ्यायची ती सगळ्यांसमोर बोलता येईल अशीच. तिकीट कन्फर्म झालं नाही, सुट्टी मिळत नव्हती, नवऱ्याशी वाजलं म्हणून एकटी आले, हे फोनवर कळलं तरी फोनवरच ठेवायचं.

आता क्रम. इथे मी खूप घोळवलं. वयाप्रमाणे घेतलं तर दोन काकांमध्ये कोण आधी यावरनं घरात आधीच पुरेसं झालेलं आहे. लांबचे आधी असं घेतलं तर मग शर्यत लागते, आम्ही इतके किलोमीटर आलो, तुम्ही काय जवळचेच, आणि विजापूरच्या मावशीला उगीच कमीपणा. म्हणून किलोमीटर हा शब्दच काढून टाकला. शेवटी सुचलं ते सोलापुरातच होतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात, गावाभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत प्रदक्षिणा घालतात, तेव्हा कुठलं लिंग मोठं कुठलं धाकटं असं कुणी म्हणत नाही, वाटेवर जे येतं त्याची पाळी. आपणही तसंच फिरायचं ठरवलं. पूर्वेकडनं सुरू करायचं, मग दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर, आणि शेवटी मधे घर. पूर्वेला हैदराबाद, दक्षिणेला विजापूर आणि बंगळुरू, पश्चिमेला पुणे-मुंबई-भिवंडी, उत्तरेला तुळजापूरवरनं नागपूर. सोलापूरची जागाच अशी आहे की चारी बाजूंना कुणी ना कुणी आपलं आहेच. यात कुणी पहिलं आलं म्हणून मोठं होत नाही, दिशेला मान असतो आणि दिशा काही कुणाची आत्या नाही.

माणसं अशी चारी दिशांना का गेली हे पण त्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं. १८७७ च्या सुमारास इथे जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून बाहेरची माणसं कामाला सोलापुरात यायची, आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तशी इथली माणसं बाहेर गेली. आमचे आजोबा गिरणीतले, भोंग्यावर घर चालायचं, आणि त्यांची पोरं-नातवंडं आज पुण्यात कॉम्प्युटरवर, भिवंडीत पॉवरलूमवर. पण हे मी सुरुवातीत घेतलं नाही. आजोबाही घेतले नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव आलं की खोली एकदम गप्प होते, आजीच्या डोळ्यात पाणी येतं, आणि मग तिथनं पुन्हा 'या, या' म्हणायला जमत नाही. आजोबांची पाळी नंतर, थोरल्या काकांच्या बोलण्यात, आणि तिथे ते छान बोलले.

गाड्यांची नावं मात्र मुद्दाम घेतली. 'रेल्वेनं आलेले' म्हणण्यात काही नाही. हुतात्मा म्हटलं की सोलापूरकर जरा ताठ बसतो. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी फाशी दिलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, त्यांच्या नावाची ती गाडी. सिद्धेश्वर ग्रामदैवताच्या नावाची. आता २०२३ पासून वंदे भारत पण आहे आणि वेळ वाचतो हे खरंच, पण टोस्टमध्ये सिद्धेश्वर म्हटल्यावर जो आवाज उठतो तो तिला अजून नाही. रात्री मुंबईत डोळे मिटले आणि सकाळी सोलापूर, असं आमच्या घरात प्रत्येकानं कधी ना कधी केलेलं आहे.

लेकींचं एक वेगळं. आत्या नागपूरला पन्नास वर्षं राहिली असेल, पण ती या घरात पाहुणी नाही. तिला सगळ्यांसोबत 'आपले स्वागत आहे' म्हटलं तर ती हसेल, वर आशीर्वादही देईल, पण ते तिला लागेल, कारण स्वतःच्याच आईच्या कार्यक्रमात तिला बाहेरची केल्यासारखं होतं. म्हणून तिच्या रस्त्याला आल्यावर सूर बदलायचा, तिच्याकडे बघून सरळ 'आलीस' म्हणायचं. विजापूरची मावशी आईच्या बाजूची, कानडी घरात दिलेली, तिचे यजमान आणि जाऊ मराठी समजतात पण बोलताना अडतात. त्यांच्यासाठी एकच कानडी शब्द घेतला, बर्री, म्हणजे या हो. तो सोलापुरात सगळ्यांनाच येतो. जास्त कानडी बोलायला गेले असते तर कौतुक माझं झालं असतं आणि पाहुणे बाजूला राहिले असते.

वेळेचं सांगते. मराठीत सावकाश, सगळ्यांना कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. मधे लोक टाळ्या वाजवतात, ओरडतात, त्याला जागा सोडायची तर दोन मिनिटांसाठी दीडशे-पावणेदोनशे शब्दांवर लिहूच नये. आणि पहिलं वाक्य असं ठेवायचं की ते वाया गेलं तरी चालेल. कार्यालयाचा माइक सुरुवातीला कुई करतोच, केटरिंगवाले ताटं मांडत असतात, मागे कुणी 'अगं बस की' म्हणत असतं. पहिल्याच वाक्यात महत्त्वाचं काही असेल तर ते अर्ध्या लोकांना ऐकूच जात नाही. म्हणून पहिलं वाक्य फक्त आजीला हाक मारायची. हाक मारली की सगळे आजीकडे बघतात, आपोआप शांत होतात.

तर हे असं झालं ते. थोडं बोलताना पुढेमागे झालं असेल, पण कागदावर होतं ते हे:

"आजी, ए आजी, इकडे बघ. आज तुझ्यासाठी चारी दिशांनी माणसं आलीत.

पूर्वेकडनं हैदराबादचे आलेत. अंधारात निघाले, उमरगा, नळदुर्ग मागे टाकत आले, आणि तुझ्या चहासाठी उस्मानिया बिस्किटं आणलीत.

दक्षिणेकडनं विजापूरचे भीमा ओलांडून आलेत, बर्री, बर्री! आणि बंगळुरूहून उद्यान एक्सप्रेसनं रात्र काढून जो आलाय, त्यानं ऑफिसातनं सरळ स्टेशन गाठलं, बॅग अजून खांद्याला आहे बघ.

पश्चिमेकडनं पुण्याचे, कुणी काल रात्री हुतात्मानं, कुणी आज पहाटे भिगवण, टेंभुर्णी, मोहोळ करत. मुंबईचे सिद्धेश्वरनं, आणि भिवंडीचे कल्याणला त्यांच्यात चढले ते गप्पा मारत सोलापूरपर्यंत.

उत्तरेकडनं, नागपूरहून, तुळजापूरला आईचं दर्शन घेऊन, आत्या, आलीस. बस आईजवळ.

आणि मधे हे घर. ज्यांना कुठनं यायचं नव्हतं, पण स्टेशनला गाड्या लावल्या, गाद्या घातल्या, शेंगा कुटल्या, त्या सगळ्यांमुळे आम्हाला यायला घर आहे.

ग्लास वर करा. आजीसाठी!"

यातल्या शेवटच्या भागाबद्दल मला फार वाटतं. बाहेरगावच्यांचं इतकं होतं की गावातल्यांना कुणी विचारत नाही. जो सिद्धेश्वर यायच्या आधी स्टेशनवर जाऊन थंडीत उभा असतो, जी काकू आठ दिवस आधीपासून शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाट्याचं पीठ करत असते, तिचा प्रवास कुणाला दिसत नाही कारण ती कुठनं आलेलीच नाही. म्हणून त्यांना शेवटी घ्यायचं, ग्लास वर करायच्या अगदी आधी, म्हणजे टाळ्या त्यांच्यावर पडतात. आमची काकू स्वयंपाकाच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत, तिला तिच्या सुनेनं ओढून पुढे आणलं.

ज्यांना येता आलं नाही त्यांचं काय, असं मला भावानं विचारलं होतं. एक काका दवाखान्यात होते, एक बहीण बाळंतीण. मी सुरुवातीत घेतलं नाही. कारण सांगितलं की चौकशा सुरू होतात, काय झालं, कधी झालं, आणि नुसतं 'काही जण येऊ शकले नाहीत' म्हटलं तर जो तो मान वळवून कोण नाही ते शोधायला लागतो. त्यांचे निरोप आईनं नंतर आजीच्या कानात सांगितले, तेच बरं.

बोलताना आपलं पोचतंय की नाही हे कळायची माझी एक खूण आहे. गावाचं नाव घेतलं आणि बाकीचे लोक मान वळवून त्या गावच्या घोळक्याकडे बघायला लागले, तर पोचलं. सगळे माझ्याकडेच बघत राहिले तर नुसते शब्द झाले. बंगळुरूच्या भावाच्या वेळी आख्खी खोली मागच्या खांबाकडे वळली, तो एकटाच उभा होता तिथे, कारण त्याच्या गावचं दुसरं कुणी नव्हतं. एकट्या माणसाला मुद्दाम आख्खं वाक्य दिलं होतं ते याचसाठी. घोळक्यातल्याला कुणीतरी कोपर मारतं, एकट्याला तेवढं वाक्यच असतं. पुण्याच्या वेळी मात्र घोळका इतका मोठा की त्यांनीच शिट्ट्या मारल्या आणि मोहोळ कुणाला ऐकूच गेलं नाही, तिथे मी थांबले, आवाज खाली बसू दिला, मगच मुंबईला गेले. थांबले नसते तर सिद्धेश्वरवाले बुडाले असते.

आणि एक गडबड झालीच. हैदराबादची दुसरी गाडी, मामांच्या मुलाची, हुमनाबादजवळ पंक्चर झाली आणि टोस्टच्या वेळी ते लोक अजून नळदुर्गच्या अलीकडे होते. पहिली गाडी आली होती म्हणून पूर्वेचं वाक्य खरं ठरलं, पण ती चौघं पोचली तेव्हा पंगत निम्मी उठली होती. आत शिरताना ती जरा ओशाळलेलीच होती. मी परत माइक घेतला नाही, जेवताना सगळ्यांना पुन्हा थांबवणं बरोबर नव्हतं. आजीजवळ घेऊन गेले आणि तिथेच, तेवढ्या दहा-बारा जणांत, पूर्वेकडचं तेवढं वाक्य पुन्हा म्हटलं, उमरगा-नळदुर्गसकट. आजी म्हणाली, "आन् बिस्किटं कुठायत?" ती त्यांच्याच गाडीत होती.

संध्याकाळी पुण्याच्या चुलतबहिणीनं तो कागद मागितला. तिच्याकडे फेब्रुवारीत बारसं आहे, सगळे तिकडे जाणार. मी दिला, पण तिला म्हटलं जसाच्या तसा वाचू नकोस, तुझं घर मधे धरून पुन्हा मांड. तुझ्या दक्षिणेला सातारा-कोल्हापूर येईल, पश्चिमेला मुंबई, उत्तरेला नाशिक, फोन तुलाच करावे लागतील. आणि पूर्वेकडनं येणारे आम्ही, तर आमचं वाक्य पहिलं, मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण, या वेळी उलट्या क्रमानं. काकू तिथेच बसली होती, म्हणाली, "माझ्यासाठी शेंगाचटणीचं लिही गं, ती मी आणणारच आहे."